अठरा लाखांची तूट कोणाची?

किराणा दुकानातून आपण साबणाची वडी घेतो, तेव्हा तिच्या मागे निदान दोन विक्र्या झालेल्या असतात. कंपनी आपल्या डिस्ट्रिब्युटरला माल विकते, ती ‘प्रायमरी’. डिस्ट्रिब्युटरचा सेल्समन दुकानोदुकानी ऑर्डर घेतो आणि माल दुकानात पोचतो, ती ‘सेकंडरी’. कंपनीच्या हिशेबात महिना पूर्ण झाला की नाही, हे बहुतेक ठिकाणी प्रायमरीवर ठरतं. प्रत्यक्षात बाजारात काय चाललं आहे, ते मात्र सेकंडरीत दिसतं. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एरिया एक्झिक्युटिव्ह रिजनल मॅनेजरला जो अहवाल पाठवतो, त्याचा खरेपणा या दोन आकड्यांमधल्या अंतराकडे तो किती सरळ बघतो यावर ठरतो.

सप्टेंबर २०२५ चा महिना यासाठी मुद्दाम बघण्यासारखा आहे, कारण त्या महिन्यात सबबींना तोटा नव्हता. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने साबणाची वडी, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, पण तो लागू व्हायचा होता २२ सप्टेंबरपासून. मधल्या काळात पितृपक्ष होता. महिन्याच्या उत्तरार्धात सीना नदीला पूर आला आणि सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, मोहोळ, करमाळा भागांतली गावं पाण्याखाली गेली. अशा महिन्यात टार्गेट चुकलं, तर ‘सर, मार्केटमध्ये उठावच नव्हता’ एवढं लिहून कोणीही सुटू शकतो. आणि ते वाक्य खोटंही नसतं. अडचण अशी की त्या वाक्यावरून रिजनल मॅनेजरला ऑक्टोबरमध्ये काय करायचं ते कळत नाही.

आपण सोलापूर जिल्हा बघणारा एक एक्झिक्युटिव्ह कल्पून पाहू. तो साबण, शाम्पू, तेल आणि कपडे धुण्याची पावडर विकतो. पुढचे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, पण हिशेबाची रीत अगदी हीच असते. सप्टेंबरचं टार्गेट ८० लाख होतं, प्रायमरी झाली ६२ लाख. तूट १८ लाखांची.

पहिली पायरी म्हणजे डिस्ट्रिब्युटरांच्या गोडाऊनमधला माल मोजणं. महिन्याच्या सुरुवातीला सगळ्यांकडे मिळून ६० लाखांचा माल होता, ६२ लाखांचा आला आणि शेवटी ५२ लाखांचा उरला. म्हणजे दुकानांत गेला ७० लाखांचा. एरवी दुकानं महिन्याला ८० लाखांचा माल उचलतात. इथे १८ लाखांचे सरळ दोन तुकडे पडले: दुकानांनी १० लाखांचा माल कमी घेतला आणि डिस्ट्रिब्युटरांनी आपला साठा ८ लाखांनी उतरवला.

साठा उतरला तो सगळा साबण, शाम्पू आणि तेलाचा, पावडरीचा जिथल्या तिथे होता. याचं कारण करात आहे. १८ टक्के भरून घेतलेला माल २२ तारखेनंतर ५ टक्के लावून विकायचा, तर आधी भरलेल्या कराचं क्रेडिट खात्यात पडून राहतं. ते पुढच्या करात वळतं करता येतं, बुडत नाही, पण तोवर पैसा अडकतो. जीएसटीत नोंद नसलेल्या छोट्या दुकानदाराला तर हे क्रेडिटच मिळत नाही. जुन्या भावाने भरलेला माल नव्या, कमी भावाने विकला तर फरक त्याच्याच खिशातून जातो. म्हणून २२ तारखेपर्यंत सगळ्यांनी हात आखडला. त्यात शहाणपणच होतं.

आता दुकानांनी कमी घेतलेल्या १० लाखांकडे वळू. ही सगळी करवाटेची वाट बघणं होती का? उत्तर पावडरीत सापडतं. कपडे धुण्याच्या पावडरीवरचा कर बदललाच नाही, तो १८ टक्केच राहिला. तिच्यासाठी २२ तारखेची वाट बघायचं दुकानदाराला काही कारण नव्हतं. पितृपक्षातही घरोघरी कपडे धुतले जातातच. तरीही जिथे एरवी २४ लाखांची पावडर जाते, तिथे २१ लाखांचीच गेली. हे ३ लाख कराच्या नावावर टाकता येत नाहीत. मला वाटतं, प्रामाणिक अहवाल आणि नुसता पटण्याजोगा अहवाल यांची वाट इथून वेगळी होते. ज्या मालाला ती सबब लागू होत नाही, त्याची विक्री आधी तपासायची.

हे ३ लाख बीटवार, म्हणजे सेल्समनच्या रोजच्या मार्गांप्रमाणे मांडले, तर १ लाख माढा आणि मोहोळच्या पूरग्रस्त बीटांवर निघाले. उरलेले २ लाख निघाले सोलापूर शहरात, जिथे बाजार चालू होता. शहरात दोन गोष्टी घडल्या होत्या. एक सेल्समन ६ सप्टेंबरला काम सोडून गेला आणि त्याची सहा बीटं महिनाभर रिकामी राहिली. तो दिवसाला ४० दुकानं करायचा, त्यातली १८ दुकानं माल घ्यायची, एकेक बिल सुमारे ७०० रुपयांचं. म्हणजे दिवसाला साडेबारा हजार. कामाच्या वीस दिवसांत अडीच लाख बुडाले आणि त्यात पाऊण लाखाची पावडर होती.

राहिली सव्वा लाखाची पावडर. ती कुठे गेली हे सप्टेंबरच्या कागदांत दिसतच नाही, ऑगस्टच्या बिलांत दिसतं. २९ आणि ३० ऑगस्टला एका घाऊक दुकानदाराला स्कीम देऊन पावडर भरली होती, कारण ऑगस्टचं टार्गेट गाठायचं होतं. त्याच्याकडे तोच माल महिनाभर पुरला आणि सप्टेंबरमध्ये त्याचं पावडरीचं बिल शून्य. ऑगस्टची शाबासकी एक्झिक्युटिव्हने घेतली होती. आता तीच विक्री सप्टेंबरमधून वजा झाली, हे लिहायला धाडस लागतं. अनेक अहवालांत हा भाग गाळला जातो. पण रिजनल मॅनेजर अनुभवी असेल, तर महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत किती टक्के बिलं झाली हे काढायला त्याला पाच मिनिटं पुरतात.

बाकीच्या मालाला हेच प्रमाण लावलं की चित्र पूर्ण होतं. पुराने सगळा माल मिळून सुमारे ३.३ लाख नेले. रिकामी बीटं आणि ऑगस्टची भरती मिळून पावणेचार लाख. उरलेले सुमारे ११ लाख कराच्या वाट बघण्याचे. पुराचं प्रमाण पावडरीवरून काढलेलं आहे, तो अंदाज आहे, आणि तसं अहवालात लिहायलाच हवं.

ही फोड एवढ्या कष्टाने कशासाठी? कारण प्रत्येक तुकड्याचं ऑक्टोबरमध्ये वेगळं होतं. कराच्या भीतीने थांबलेला माल परत भरला जाईल, निदान काही भाग. पूरग्रस्त गावांतल्या घरांत आधी धान्य, भांडी, छप्पर यांची सोय होईल, तिथली विक्री एका महिन्यात सावरणार नाही. आणि रिकाम्या बीटांवरचे अडीच लाख कधीच परत येणार नाहीत, कारण त्या घरांनी त्या महिन्यात दुसऱ्या कंपनीच्या साबणाने अंघोळ केली.

उपायांचा भागही याच फोडीतून निघतो. एक्झिक्युटिव्हचं पत्र साधारण असं असेल:

‘सर, शहरातल्या सहा बीटांवर नवा सेल्समन ६ ऑक्टोबरपासून येतो आहे. त्याचा हात बसेपर्यंत सर्वांत मोठी शंभर दुकानं मी स्वतः आठवड्यातून एकदा करेन. पगाराचा अर्धा भाग तीन महिने कंपनीने उचलावा अशी डिस्ट्रिब्युटरची मागणी आहे, ती मला रास्त वाटते. जुन्या मालाच्या भावफरकाचे क्लेम १० तारखेपर्यंत मंजूर झाले नाहीत, तर दिवाळीचा माल उचलायला डिस्ट्रिब्युटरकडे पैसे नसतील. हे माझ्या हातात नाही, आपल्या मंजुरीवर अवलंबून आहे. माढा आणि मोहोळच्या दुकानांना उधारी सात दिवसांऐवजी एकवीस दिवसांची द्यावी आणि तिथे मोठ्या पॅकऐवजी दहा रुपयांचे पॅक पाठवावेत. यापुढे महिन्याच्या शेवटच्या तीन दिवसांत घाऊक दुकानदारांना स्कीमचं बिल मी करणार नाही. त्यामुळे ऑक्टोबरचा आकडा लाखभराने कमी दिसेल.’

या पत्रातल्या प्रत्येक उपायापुढे कोण करणार, कधी आणि त्याची किंमत काय, हे आहे. आणि दोन गोष्टी वेगळ्या मांडल्या आहेत: मी काय करणार आणि मला वरून काय हवं. ‘प्रयत्न चालू आहेत’ किंवा ‘टीमला मोटिव्हेट केलं आहे’ अशा वाक्यांना महिन्याच्या शेवटी तपासायचं कसं, हे कोणी सांगू शकत नाही. त्याच त्या ओळी दर महिन्याला दिसू लागल्या की अहवाल आतून पोकळ झाला आहे असं समजायचं.

सर्वांत अवघड ओळ पुढच्या महिन्याच्या आकड्याची असते. समजा कंपनीने ऑक्टोबरला ९५ लाखांचं टार्गेट दिलं: नेहमीचे ८०, दिवाळीचे ७ आणि उतरलेला साठा परत भरण्याचे ८. एक्झिक्युटिव्ह लिहितो, ८७. कारण साठा पूर्ण भरायची गरजच नाही. ५२ लाखांचा माल म्हणजे जवळपास वीस दिवसांची विक्री, तेवढा पुरतो. तिथे ४ लाख वजा. पुराचे ३ लाख वजा, घाऊक भरती बंद केल्याचा १ लाख वजा.

फोनवर रिजनल मॅनेजर म्हणेल, ‘नव्वदीच्या खाली मी वर सांगू शकत नाही.’ त्याच्यावरही दबाव असतो, ते समजण्यासारखं आहे. पण इथे होकार दिला, तर त्याची किंमत दुसऱ्या जिल्ह्यात चुकवावी लागते. २१ ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होतं, म्हणजे दिवाळीचा माल दुकानांत पहिल्या पंधरा दिवसांतच पोचायला हवा. डेपोतला साबण मोजका असतो. सोलापूरने ९५ चा शब्द दिला की त्या हिशेबाने गाड्या सोलापूरकडे निघतात. तो माल इथे गोडाऊनमध्ये पडून राहतो आणि कोल्हापूरच्या डिस्ट्रिब्युटरची ऑर्डर अर्धवट भरली जाते. दिवाळी झाल्यावर तो माल परत फिरवून काही उपयोग नसतो.

म्हणून अहवालाच्या शेवटी एक तारीख असते: १५ ऑक्टोबर. त्या दिवशी डिस्ट्रिब्युटरांचा क्लोजिंग साठा पुन्हा मोजायचा आणि शहरातल्या सहा बीटांवर रोज किती दुकानांनी माल घेतला ते बघायचं. अठराच्या आसपास आकडा आला, तर सेल्समन जमला. दहाच्या खाली असेल, तर ८७ चाही शब्द त्याच दिवशी कमी करून कळवायचा, महिना संपायची वाट न बघता, म्हणजे राहिलेल्या गाड्या तरी दुसरीकडे वळवता येतात.