गजर बंद झाल्यावर

एकुलत्या एका मुलाचं घरातून जाणं हल्ली फार घाईघाईत होतं. सीईटीचा निकाल लागतो, मग कॅपच्या फेऱ्या सुरू होतात. कुठलं कॉलेज मिळणार हे शेवटपर्यंत कळत नाही आणि मिळालं की दोन-चार दिवसांत फी, कागदपत्रं, हॉस्टेलची खोली, गादी, बादली असं सगळं उरकून मूल परगावी पोचतं. त्याआधीची दोन वर्षं मात्र अख्खं घर त्याच्या अकरावी-बारावीवर चाललेलं असतं. टीव्हीचा आवाज बंद, पाहुणे नकोत, लग्नकार्याला दोघांपैकी एकानेच जाऊन यायचं. दोन मुलांच्या घरात थोरलं गेलं तरी धाकट्याचा डबा चालूच असतो, त्यामुळे आईवडिलांची एक रंगीत तालीम होऊन जाते. एकुलत्याच्या घरात पहिला प्रयोग तोच शेवटचा.

सांगलीतलं माझ्या नात्यातलं एक घर घ्या. मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. आई ४७ वर्षांची, वडील बँकेत. त्या आईचा दिवस सव्वापाचच्या गजराने सुरू व्हायचा. क्लासचा डबा, मग स्कूटरवरून क्लासला सोडणं, दुपारी पुन्हा गरम पोळ्या, चारला मुलगी आली की खाणं आणि रात्री ती अभ्यासाला बसली की शेजारी पेंगत का होईना, पण सोबत. मुलगी गेली आणि गजर बंद झाला. उठायला नऊ वाजू लागले. दूध दीड लिटरवरून अर्ध्यावर आलं. ‘दोघांसाठी काय करायचं एवढं’ म्हणून रात्रीची भाजी सुटली, चहा-खारीवर भागू लागलं. दुपारी तीन-तीन तास झोप आणि मग रात्री दोनपर्यंत मोबाइल हातात, मुलगी शेवटची ऑनलाइन कधी होती ते बघत. भिशीला जाणं बंद झालं, कारण तिथे सगळ्या तिच्याबद्दलच विचारणार. वडील म्हणायचे, ‘‘अगं, भलं झालं तिचं, रडायचं काय त्यात?’’ आणि स्वतः बँकेचं काहीतरी निमित्त काढून पुण्याला जाऊन यायचे. बाप लोकांचं हे असंच असतं. त्यांची हुरहूर रिचार्ज, रिझर्व्हेशन आणि ‘पैसे पोचले का’ यांतून बाहेर पडते.

आठवण येणं हा या दुःखाचा एक भाग झाला. दुसरा, फारसा न बोलला जाणारा भाग म्हणजे रिकामे झालेले तास. मन उदास म्हणून कामं सुटतात, कामं सुटली की माणसं सुटतात, झोपेचं घड्याळ बिघडतं आणि उदासीला सबंध दिवस मोकळा मिळतो. त्या सांगलीच्या घरात ऑगस्टमध्ये जे रडू मुलीच्या आठवणीचं होतं, त्यात सप्टेंबरपर्यंत न झोपलेल्या रात्री आणि न जेवलेली जेवणं मिसळली होती.

हा काही आजार नव्हे. मानसोपचाराच्या निदानाच्या यादीत ‘मूल घर सोडून गेल्याचं दुःख’ असं वेगळं नाव नाही. सगळ्याच आया कोसळतात असंही नाही. अमेरिकेतल्या मिल्स कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींचा अनेक वर्षं पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलं बाहेर पडल्यावर त्या स्त्रियांचं वैवाहिक समाधान वाढलेलं दिसलं आणि तेही नवऱ्याबरोबरचा वेळ वाढल्यामुळे नव्हे, तर असलेला वेळ अधिक सुखाचा झाल्यामुळे. आपल्याकडे नवराबायकोचं बोलणं वर्षानुवर्षं मुलाच्या मार्कांवरच चालतं, तिथे हे सुख आपोआप येईल असं मला वाटत नाही.

मग काळजी कधी करायची? साधं दुःख लाटेसारखं येतं. चार वाजले, तिची ओढणी कपाटात सापडली, की भरून येतं; पण मधल्या वेळात माणूस हसतं, मालिका बघतं, शेजारणीशी बोलतं. नैराश्यात हे मधले तास उरत नाहीत. दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास किंवा कशातच रस नाही आणि जोडीला झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडलेली, ‘आपण कुचकामी’ ही भावना, मरणाचे विचार, अशी लक्षणं असली तर डॉक्टरांकडे जायला हवं. ते बहुधा नऊ प्रश्नांची एक साधी प्रश्नावली भरून घेतात. तिचे गुण ० ते २७. १० किंवा जास्त आले तर नीट तपासणी करतात. बायकांच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७च्या सुमारास जाते, नेमकं मूल बारावी होतं तेव्हा. रात्रीचा घाम, तुटक झोप, चिडचिड हे त्यामुळेही होतं आणि थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच सुस्त, उदास दिसतो. सांगलीच्या त्या आईचे गुण १२ आले. थायरॉइडची तपासणी ठीक निघाली, म्हणून डॉक्टरांनी लगेच गोळी न देता एका समुपदेशकाकडे पाठवलं.

समुपदेशकाने आठवडाभराची वही करायला सांगितली. तासातासाला काय केलं आणि त्या वेळी मन किती बरं होतं, दहापैकी गुण द्यायचे. दिवसभर सारखंच वाईट वाटतं अशी तिची खात्री होती. वहीत दिसलं की सकाळी अकराला, देवळात जाऊन आल्यावर, पाच असायचे आणि चार ते सहा हे दोन तास मात्र एकावर. मुलगी क्लासहून यायची ती ही वेळ.

या उपचाराचं तत्त्व सोपं आहे. मन बरं वाटेल तेव्हा काम करू, असं म्हणायचं नाही; घड्याळाप्रमाणे काम करायचं, मन मागाहून येतं. गोव्यात ‘संगथ’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये हाच उपचार तपासला. नैराश्याच्या ४९५ रुग्णांपैकी निम्म्यांना, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून, अर्ध्या-पाऊण तासाच्या सहा ते आठ बैठका दिल्या. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातले शंभरातले ६४ जण नैराश्यातून बाहेर होते, नेहमीच्या उपचारांवरच्या गटात ३९.

काम कुठलं निवडायचं, इथे बरेच जण चुकतात. ‘रोज फिरायला जाईन’ हे तिने आधी ठरवलं होतं, ते आठवडाभरही टिकलं नाही. एकटीने करायचं काम उदास दिवशी सहज टळतं. आपण न गेलो तर कुणाचं तरी अडेल असं काम त्या मोडक्या तासांत बसवावं लागतं. तिला गल्लीतल्या महिला मंडळाच्या वाचनालयात मंगळवार-शुक्रवार चार ते साडेसहा पुस्तकांची देवघेव मिळाली. किल्ली तिच्याकडे; ती गेली नाही तर बायका बाहेर ताटकळणार. पहिल्या दिवशी ती नाइलाजाने गेली, वहीत दोन लिहिले. तिसऱ्या आठवड्यात चार. घरात साडेआठला दोघांनी टेबलावर बसून पूर्ण जेवायचं ठरलं, दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. मुलीचा फोन रात्री साडेनऊला, मेसचं जेवण झाल्यावर. त्याआधी ‘जेवलीस का’चे मेसेज नाहीत. हे सगळ्यांत जड गेलं, दोनदा मोडलंही.

दिवाळीत घोळ झालाच. आठ दिवस वाचनालयाला सुट्टी घेऊन आईने फराळ केला. मुलगी अकरापर्यंत झोपली आणि संध्याकाळी मैत्रिणींकडे गेली. भाऊबीजेनंतर ती गेल्यावर वहीतला आकडा पुन्हा एकावर. असं दुसऱ्या निरोपाच्या वेळी होऊ शकतं, त्यामुळे उपचार फसला असं समुपदेशकाने मानलं नाही. सुट्टी मात्र पुढच्या वेळी घेऊ नका म्हणाल्या. आकडे मरणाच्या विचारांकडे झुकले असते किंवा महिन्या-दीड महिन्यात हललेच नसते, तर त्यांनी तिला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं असतं. गावात कुणी नसेल त्यांच्यासाठी केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते, मराठीतही.

संक्रांतीला मुलगी आली तो नेमका मंगळवार होता. चार वाजता तिने पुण्याची बॅग टाकून हाक मारली, तर आई चपला घालत होती.

‘‘आई, आज पण जाणार तू?’’

‘‘अगं, किल्ली माझ्याकडे आहे. गुळपोळी डब्यात आहे, तूप घालून घे.’’