करंगळीच्या नखाएवढा फोटो

नोकरीच्या प्रोफाइलवरचा फोटो काढताना मोठा असतो, पण पाहिला जातो तो लहान. लिंक्डइनसारख्या ठिकाणी उमेदवारांची यादी चाळणाऱ्याला तो मोबाइलवर नखाएवढ्या वर्तुळात दिसतो. त्यात चेहरा, केस, कॉलर आणि खांद्यांची सुरुवात एवढेच मावते. मनगटावरचे घड्याळ किंवा पँटची इस्त्री तिथे पोहोचतच नाही. त्यामुळे फोटोची तयारी छातीच्या वरच्या भागापुरती करावी लागते, आणि त्यातही पहिला प्रश्न रंगाचा येतो.

आवडता रंग कोणता, हे इथे फारसे महत्त्वाचे नसते. त्वचा, कपडा आणि मागची भिंत या तिघांच्या गडद-फिकेपणात किती अंतर पडते, यावर चेहरा उठून दिसणे अवलंबून असते. समजा, गव्हाळ वर्णाचा, काळ्या केसांचा एक लेखापाल कार्यालयातल्या पांढऱ्या भिंतीपुढे उभा आहे आणि त्याच्याकडे पांढरा, बदामी आणि गडद निळा असे तीन शर्ट आहेत. पांढरा घातला तर खांद्याची कड भिंतीत विरते. शिवाय चौकटीत पांढरे फार झाले की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो आणि चेहरा आहे त्याहून काळवंडलेला येतो. बदामी शर्ट त्वचेच्या रंगाच्या इतका जवळ जातो, की लहान फोटोत मान कुठे संपली आणि कॉलर कुठे सुरू झाली ते कळत नाही. गडद निळ्यात मात्र खांद्यांची रेषा स्पष्ट राहते आणि नजर वर चेहऱ्याकडे जाते. पांढराच घालायचा असेल तर त्यावर गडद कोट चढवावा, म्हणजे गळ्याशी पांढऱ्याची पट्टी तेवढी उरते. हाच माणूस काळ्या पडद्यापुढे उभा राहिला तर हिशेब उलटतो. तिथे आधी काळे केस पडद्यात बुडतात, म्हणून मागे मध्यम राखाडी रंग बरा.

याची परीक्षा घरीच करता येते. प्रत्येक कपड्यात एकेक फोटो काढून मोबाइलमध्ये तो कृष्णधवल करायचा आणि बोटाने लहान करून पाहायचा. कपडा आणि त्वचा, किंवा कपडा आणि भिंत, एकाच राखाडी छटेची दिसली तर तो कपडा बाद. सावळ्या आणि गव्हाळ वर्णाला गडद निळा, बाटली हिरवा, मरून हे रंग बहुधा या परीक्षेत उतरतात. अगदी गडद त्वचेवर मात्र फिका निळा किंवा मोतिया रंग अधिक खुलतो, फक्त भिंत त्याहून गडद हवी.

काही रंग वेगळ्याच कारणाने त्रास देतात. भडक लाल, केशरी किंवा पोपटी कपड्यावर पडलेला प्रकाश परतून हनुवटीखाली त्याच रंगाची झाक पाडतो. ती आरशात सहसा लक्षात येत नाही, फोटोत येते. अगदी बारीक रेघा आणि बारीक चौकडी यांचा कॅमेऱ्याच्या संवेदकावरील बिंदूंच्या जाळीशी मेळ बसत नाही, आणि कापडावर नसलेल्या लाटा फोटोत उमटतात. साटिन आणि जर चमकतात, तेव्हा साडी नेसायची असेल तर बारीक काठाची सुती किंवा मंद पोताची निवडावी आणि पदराच्या निऱ्या खांद्यावर पिनेने घट्ट बसवाव्यात. मुलाखतीला साडीच नेसून जाणाऱ्या स्त्रीने फोटोपुरता कोट अडकवण्याचे काही कारण नाही. फोटोतली आणि समोर येणारी व्यक्ती एकच वाटणे अधिक उपयोगाचे.

केस आणि त्वचेची तयारी फोटोच्या दिवसापासून मागे मोजत करावी. केस साधारण आठवडाभर आधी कापले तर नव्या कापणीच्या कडा थोड्या मऊ होतात. रंग लावायचा तर तीन-चार दिवस आधी, कारण कपाळाच्या कडेला पडलेले डाग जायला वेळ लागतो. भुवया दोन दिवस आधी कोराव्यात, म्हणजे लाली उतरते. फेशियल किंवा ब्लीच कधी केलेच नसेल तर त्या आठवड्यात करून पाहू नये, पुरळ आली तर ती झाकत बसावे लागते. दाढी त्याच दिवशी, पण फोटोच्या काही तास आधी करावी. दाढी राखणाऱ्यांनी गालापेक्षा गळ्यावरची कड नीट साफ करावी, कारण छोट्या फोटोत ती वाढलेली असली की हनुवटीची रेषाच हरवते.

प्रत्यक्ष फोटोच्या वेळी खरा शत्रू तेलकटपणा. कपाळ, नाक आणि हनुवटी कागदी रुमालाने टिपून घ्यावी, पुसू नये. लागलीच तर रंगहीन पावडर अगदी थोडी लावावी. झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले सनस्क्रीन फ्लॅशचा प्रकाश परतवते आणि चेहरा पिठासारखा पांढुरका येतो. फ्लॅश वापरायचा असेल तर ते त्या दिवशी टाळावे. रोज चष्मा असेल तर तो राहू द्यावा. काचेवर खिडकी चमकत असेल तर काड्या कानांवरून किंचित वर उचलल्या, की काच खाली झुकते आणि चमक निघून जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा घालून उघड्यावर फोटो काढला तर डोळेच दिसत नाहीत.

आणि डोळे दिसायलाच हवेत, कारण हावभावाचा निम्मा कारभार तिथे चालतो. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी 1862 मध्ये दाखवले, की ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू इच्छेने हलवता येतो, पण मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आवळतो आणि तो हुकमावर सहज हलत नाही. म्हणून ‘हसा’ म्हटल्यावर दात दिसतात, डोळे मात्र कोरे राहतात. आलेले हसूही काही क्षणांतच थिजते. त्यावर एक साधा उपाय आहे. डोळे मिटून मान खाली घालावी, श्वास सोडावा, मग वर पाहत डोळे उघडावेत आणि फोटो त्याच क्षणी टिपावा. डोळे ताणून मोठे केले की माणूस दचकलेला दिसतो. खालच्या पापण्या जराशा उचलल्या की नजर स्थिर वाटते. हनुवटी आधी थोडी पुढे आणि मग किंचित खाली घ्यावी. हे करताना अवघडल्यासारखे वाटते, पण समोरून जबड्याची रेषा स्वच्छ येते. कॅमेरा हातभर अंतरावर असला तर नाक मोठे आणि कान लहान येतात, तेव्हा दुसऱ्याला दीड मीटरवर उभे करून फोटो काढून घ्यावा.

एवढे झाल्यावर निवड शक्यतो स्वतः करू नये. माणसाला स्वतःचा चेहरा आरशातला, म्हणजे उजवे-डावे उलटलेला, ओळखीचा असतो. 1977 मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगात लोकांनी स्वतःचा उलटा छापलेला फोटो अधिक पसंत केला आणि त्यांच्या जवळच्या माणसांनी सरळ छापलेला. फोटोतला भांग ‘चुकीच्या’ बाजूला वाटतो तो यामुळेच. रोज समोर बसणाऱ्या सहकाऱ्यापुढे तीन-चार फोटो नखाएवढे करून ठेवावेत आणि तो बोट ठेवेल तो लावावा.