एका झटक्यात की फेरी फेरीने?

1823 च्या डिसेंबरात गाउसने आपला जुना विद्यार्थी गेर्लिंग याला एक पत्र लिहिलं. भूमापनातल्या कोनांच्या मोजणीत थोड्या थोड्या चुका असतात, आणि त्यांतून सर्वांत विश्वासार्ह उत्तर काढायला बरीच समीकरणं एकदम सोडवावी लागतात. त्यासाठीची पायरीपायरीने अज्ञात राशी काढून टाकण्याची पद्धत आज गाउसच्याच नावाने ओळखली जाते. तरीही पत्रात त्याने वेगळाच मार्ग सुचवला: अंदाजाने सुरुवात करा, जिथे चूक सर्वांत मोठी तिथे दुरुस्ती करा, पुन्हा पाहा, पुन्हा दुरुस्त करा. हे काम अर्धवट झोपेतही जमतं, असं त्याचं म्हणणं होतं. लिनियर रिग्रेशन करणाऱ्यांपुढे आजही हेच दोन मार्ग असतात.

समजा, तीन घरं आहेत. क्षेत्रफळ 400, 600 आणि 800 चौरस फूट. किंमत 30, 44 आणि 52 लाख. या तीन बिंदूंच्या जास्तीत जास्त जवळून जाणारी सरळ रेषा हवी आहे. ‘जवळ’ म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी.

पहिला मार्ग नॉर्मल इक्वेशनचा. बेरीज कमीत कमी असते तिथे तिचा उतार शून्य असतो. ही अट लिहिली की थेट सूत्र मिळतं:

```
θ = (XᵀX)⁻¹ Xᵀy
```

आपल्या उदाहरणात ते हातानेही सुटतं. सरासरी क्षेत्रफळ 600, सरासरी किंमत 42 लाख. सरासरीपासूनचे फरक क्षेत्रफळात −200, 0, 200 आणि किमतीत −12, 2, 10. जोडीजोडीने गुणून बेरीज 4400, क्षेत्रफळाच्या फरकांच्या वर्गांची बेरीज 80,000. भागाकार 0.055, म्हणजे चौरस फुटाला साडेपाच हजार रुपये, आणि स्थिरांक 9 लाख. रेषा सांगते 31, 42, 53. चुका एक, दोन आणि एक लाखाच्या. काम संपलं.

दुसरा मार्ग ग्रेडियंट डिसेंटचा, गाउसच्या सल्ल्याच्याच वळणाचा. दोन्ही आकडे शून्य धरायचे, चुकांवरून उताराची दिशा काढायची आणि त्या दिशेने छोटं पाऊल टाकायचं. पण क्षेत्रफळ जसंच्या तसं घेतलं, तर या तीन घरांनीही घाम फुटतो. पाऊल साधारण 0.0000017 पेक्षा मोठं झालं की आकडे फुगत जातात, आणि तेवढं लहान ठेवलं की स्थिरांक 9 च्या जवळ यायला लाखो फेऱ्या लागतात. दोष पद्धतीचा नाही, मापांचा आहे: एका स्तंभात 1, दुसऱ्यात शेकड्यांतले आकडे.

क्षेत्रफळातून 600 वजा करून 200 ने भागा. आता स्तंभ −1, 0, 1 झाला. पाऊल 0.3 ठेवलं तर पहिल्याच फेरीत स्थिरांक 37.8 आणि उतार 6.6 येतो; दुसऱ्यात 41.58 आणि 9.24, तिसऱ्यात 41.96 आणि 10.30. नव्या मापात खरं उत्तर 42 आणि 11 आहे. दहा फेऱ्यांत दोन्ही आकडे खऱ्या उत्तरापासून जेमतेम हजाराव्या भागाइतके दूर राहतात. प्रत्येक फेरीला चूक नोंदवत राहावं: ती वाढत असेल तर पाऊल मोठं आहे, अगदी रेंगाळत असेल तर आधी मापं तपासावीत.

मग सूत्र हाती असताना फेऱ्या का मारायच्या? घरामागे क्षेत्रफळ, मजला, वय अशी शंभर वैशिष्ट्यं असतील, तर XᵀX मध्ये फक्त दहा हजार आकडे. संगणक ते चुटकीसरशी सोडवतो. घरं लाखो असली तरी एकदा सगळ्यांवरून फिरून हे कोष्टक भरता येतं. खरी अडचण वैशिष्ट्यं वाढली की येते. ती दुप्पट झाली की कोष्टक सोडवण्याचं काम आठपट होतं. मजकुरातल्या एक लाख शब्दांना प्रत्येकी एक स्तंभ दिला, तर नेहमीच्या आठ बाइटच्या आकड्यांत कोष्टकालाच 80 जीबी मेमरी लागते. इथे ग्रेडियंट डिसेंट सरस ठरतो, कारण त्याला ते कोष्टक बांधावंच लागत नाही. माहितीचे छोटे तुकडे घेऊनही तो पुढे सरकतो, म्हणून रोज नवी माहिती येते तिथेही तो सोयीचा.

सूत्राचा आणखी एक धोका आहे. क्षेत्रफळ चौरस फुटांत आणि पुन्हा चौरस मीटरमध्ये, असे दोन्ही स्तंभ ठेवले तर XᵀX चा व्यस्त निघतच नाही. स्तंभ जवळपास सारखे असले तर व्यस्त निघतो, पण गुणांक अवाढव्य येतात, चिन्हंही उलटतात, आणि एक घर वगळलं तरी ते पार बदलतात. XᵀX करताना मूळ माहितीतली ही नाजूकता वर्गात जाते. त्यामुळे numpy मधलं lstsq हे कोष्टक न बांधता एसव्हीडी या विघटनाने उत्तर काढतं.

वैशिष्ट्यं काही हजारांपर्यंत असतील, तर फेऱ्यांच्या वाटेला जाऊच नये. lstsq वापरावं, पावलाचा आकार ठरवण्याची कटकटही वाचते. त्यापलीकडे, किंवा माहिती मेमरीत मावत नसेल तर, आधी स्तंभांची मापं सारखी करावीत आणि मगच ग्रेडियंट डिसेंट सुरू करावा.