मोबाइल मधेच बंद पडतो, तक्रार कशी लिहाल?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरच्या मोबाइलने सॉफ्टवेअरचे नवे अपडेट घेतले आणि तेव्हापासून तो मधेच बंद पडू लागला. थोरल्याने सर्व्हिस सेंटरला ईमेल धाडला, "अपडेटने फोन बिघडवला, दुरुस्त करा." उत्तर आले, फोन रिसेट करा. म्हणजे त्यातले फोटो, दुधाचा हिशेब, सारे पुसून टाकायचे!

मग आम्ही चार दिवस वहीत टिपण ठेवले. बॅटरी ३० टक्क्यांखाली असताना कॅमेरा उघडला, की फोन बंद. चार्जर लावून तेच केले, तर एकदाही नाही. सेफ मोडमध्ये, म्हणजे आपण घातलेली अॅप्स बंद ठेवूनही, तो बंद पडलाच. तेव्हा दोष त्या अॅप्सचा नव्हता.

दुसऱ्या ईमेलात मॉडेल, खरेदीची व अपडेटची तारीख, सेटिंगमध्ये दिसणारा बिल्ड नंबर आणि ही निरीक्षणे लिहिली. शेवटी विचारले, "बॅटरी जुनी होऊन भार येताच तिचे व्होल्टेज एकदम उतरते, की दोष अपडेटचा? कृपया बॅटरी तपासून निदान लेखी कळवावे. आम्हास विचारल्याविना रिसेट करू नये."

या वेळी त्यांनी फोन तपासायला मागवला. तीन वर्षांची बॅटरी थकली होती. नवी बसवली, फोटो आणि हिशेब जागच्या जागी राहिले. अपडेटने कामाचा भार वाढवला होता की नाही, हे मात्र त्यांनी लिहिले नाही. पण १५ टक्क्यांवरही कॅमेरा आता उघडतो.