कारखाना कुणाचा? एका पत्राची गोष्ट

मागच्या वेळी बऱ्याच जणांनी विचारलं होतं की शेजारच्या कारखान्याची तक्रार करायची तर सुरुवात कुठून करायची. मी माझाच अनुभव सांगते.

आम्ही कर्नाटकातल्या एका शहरात राहतो. घरामागे पत्र्याची शेड आहे. रात्री दहानंतर तिथून आम्लाचा उग्र वास यायचा आणि सासूबाईंना खोकल्याची उबळ यायची. शेडवर जी पाटी होती त्या नावानं मी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. उत्तर आलं, ‘या पत्त्यावर या नावाची कंपनी नाही.’ झालं, प्रकरण बंद!

चूक माझीच होती. पाटीवरचं नाव म्हणजे परवानाधारक नव्हे. पाटी ब्रँडची असते, जागा तिसऱ्याची, वीजजोडणी जागामालकाच्या नावावर आणि काम करणारा भलताच. कायद्यापुढे जबाबदार कोण, हे कळायचं तर महापालिकेचा व्यापार परवाना कुणाच्या नावावर आहे ते शोधावं लागतं.

मग मी महापालिकेला पहिलं पत्र लिहिलं: ‘हा कारखाना कुणाचा? वास का येतो? कारवाई का केली नाही?’ त्याला उत्तरच आलं नाही. दुसरं पत्र मी माहिती अधिकार कायदा, 2005 च्या कलम 6 खाली लिहिलं. या कायद्यात कार्यालयाच्या दफ्तरात असलेली माहिती मिळते. ‘का’ला उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं. म्हणून ‘का’ सगळे काढून टाकले. मजकूर साधारण असा होता:

‘मालमत्ता क्रमांक अमुक, रस्ता तमुक, वॉर्ड क्रमांक अमुक या जागेसाठी 1 एप्रिल 2023 पासून आजपर्यंत दिलेल्या प्रत्येक व्यापार परवान्याची प्रमाणित प्रत द्यावी. त्यात परवानाधारकाचं नाव, व्यवसायाचा प्रकार व मुदत दिसावी. असा परवाना दिला नसल्यास तसं लेखी कळवावं.’

यातली प्रत्येक गोष्ट मुद्दाम आहे. नावाऐवजी मालमत्ता क्रमांक दिला, कारण नावच तर शोधायचं होतं. ‘कंपनी’ऐवजी ‘परवानाधारक’ म्हटलं, कारण मालक एकटा माणूस किंवा भागीदारी संस्थाही असू शकते. ‘कंपनी’ लिहिलं असतं तर ‘कंपनीला परवाना नाही’ असं खरं पण निरुपयोगी उत्तर आलं असतं. शेवटच्या वाक्यामुळे ‘परवाना नाही’ हेही लेखी मिळतं, आणि तोच मोठा पुरावा ठरतो.

आता भाषेचं. कायद्यानं अर्ज इंग्रजीत, हिंदीत किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. म्हणजे आपल्यासारख्या परराज्यातल्या मराठी माणसानं मराठीत अर्ज देऊन चालत नाही. मी इंग्रजीत दिला. कर्नाटकाच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा. शुल्क 10 रुपये. इतर राज्यांत शुल्क आणि नियम वेगळे असतात, तेवढं तपासा. अर्ज माझ्या नावानं केला, सोसायटीच्या नाही, कारण हा हक्क नागरिकाचा आहे. आणि माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही.

उत्तराची मुदत 30 दिवस. अठ्ठाविसाव्या दिवशी नकार आला: ‘माहिती त्रयस्थ पक्षाची व व्यापारी गोपनीयतेची आहे.’ हा नकार नेहमी येतो. मी 30 दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील केलं. त्यात मुद्दा एकच होता. कलम 4(1)(ब) मध्ये, कार्यालयानं दिलेले परवाने कुणाला दिले याचा तपशील न मागता प्रसिद्ध करावा, असं सांगितलंय. जे आपणहून जाहीर करायचं, ते गोपनीय कसं? अपील मान्य झालं आणि प्रत हातात आली.

परवाना एका भागीदारी संस्थेच्या नावावर होता. ते नाव पाटीवर कुठेच नव्हतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे व्यवसायाच्या रकान्यात ‘गोदाम’ लिहिलं होतं. आत तर धातूवर मुलामा चढवायचं काम चालायचं! मुदतही 31 मार्चला संपलेली.

एक मर्यादा लक्षात ठेवा. व्यापार परवाना म्हणजे प्रदूषण मंडळाची संमती नव्हे. ती वेगळी असते. म्हणून मी परवान्यावरच्या नावानं आणि मालमत्ता क्रमांकानं मंडळाकडे पुन्हा तक्रार केली, सोबत प्रत जोडली. या वेळी ‘अशी कंपनी नाही’ म्हणायला जागाच नव्हती. अधिकारी पाहणीला आले. काम अजून पूर्ण थांबलेलं नाही, पण रात्रीचा वास गेलाय आणि सासूबाई खिडकी उघडी ठेवून झोपतात.

तेव्हा तक्रारीआधी हे पत्र लिहा. मालमत्ता क्रमांक तुमच्या शेजाऱ्याच्या घरपट्टीच्या पावतीवरून अंदाजानं सापडतो. वॉर्ड कार्यालयात जाऊन तो पक्का करा, मगच अर्ज द्या.