लाव्हाच्या थरांतून वर आलेली रेघ

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की समोर सातपुडा उभा राहतो. जमिनीवरून दिसतो तो डोंगर: कुठे सोंड पुढे आलेली, कुठे दरी आत शिरलेली, सगळं वाकडंतिकडं. आता हाच भाग उपग्रहाच्या चित्रात बघा. वर मेळघाटाचा सुरकुतलेला, गडद प्रदेश, खाली पूर्णेचं सपाट काळं रान आणि दोघांच्या मधे एक रेघ. पश्चिमेला नरनाळ्याच्या पायथ्यापासून पूर्वेला सालबर्डीपर्यंत, सुमारे शंभर किलोमीटर, बऱ्यापैकी सरळ!

डोंगर असा सरळ कसा संपेल? पाऊस आणि नद्या डोंगर कोरतात तेव्हा मऊ दगड आधी जातो, टणक मागे राहतो आणि कड दातेरी होते. शंभर किलोमीटर सरळ कापणं हे पाण्याचं एकट्याचं काम नव्हे. इथे जमीन तुटलेली आहे. अशा तुटीला भूशास्त्रात विभंग म्हणतात: खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींपासून सरकल्या आहेत. वऱ्हाडाच्या या रेघेचं नाव गाविलगड विभंग. उत्तरेची बाजू उचललेली, दक्षिणेची खचलेली. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटरवर आहे आणि परतवाडा चारशेच्याही खाली. या फरकातला काही वाटा पाण्याच्या झिजेचा आहे, पण झीज कुठे थांबायची ते या तुटीने ठरवलं.

अंतराळातून जमिनीचे तपशीलवार फोटो नियमित मिळू लागले ते २३ जुलै १९७२ ला लँडसॅट उपग्रह सुटल्यावर. त्याच्या एका चित्रात १८५ किलोमीटर लांबरुंद मुलूख मावायचा, म्हणजे अकोला आणि अमरावती एकाच कागदावर. १९८८ मध्ये आपला आयआरएस-१ए आला. पुढच्या भारतीय उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याचा एक ठिपका साडेतेवीस मीटरांचा. एवढ्या जाड ठिपक्यांत खडकातली भेग दिसते तरी कशी?

भेग दिसतच नाही! दिसतात तिच्या खुणा. भेगेजवळचा खडक चुरडलेला असतो, तो लवकर झिजतो, मग ओढा तिथूनच वाट काढतो. चुरडलेल्या खडकात पाणी मुरतं, म्हणून उन्हाळ्यात आजूबाजूचं गवत वाळलं तरी त्या पट्ट्यातली झाडं हिरवी राहतात. हिरवी पानं अवरक्त प्रकाश भरपूर परावर्तित करतात. तो आपल्या डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतो, आणि चित्र बनवताना त्याला लाल रंग देतात. म्हणून अशा चित्रात हिरवळ लाल दिसते. एप्रिलच्या चित्रात मेळघाटातला पानगळ झालेला साग फिका पडतो आणि ओलाव्याच्या रेघा लाल उमटतात. सरळ ओढा, एका ओळीत काटकोनात वळणाऱ्या नद्या, झाडांची रांग, डोंगराची सरळ कड: अशा प्रत्येक संशयित रेघेला लिनियामेंट म्हणतात.

आता सूर्याची करामत बघा. भिंतीवर समोरून उजेड पाडला तर ती गुळगुळीत वाटते, पण बॅटरी भिंतीला टेकवून तिरपी धरली की गिलाव्यातला प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. उपग्रह वऱ्हाडावरून जातो सकाळी दहाच्या सुमारास. हिवाळ्यात तेव्हा सूर्य आग्नेयेला, खालीच असतो. गाविलगडची कड नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, थोडी पूर्वेला कललेली धावते. ऊन तिच्यावर जवळजवळ आडवं पडतं, कड उजळते आणि मागच्या दऱ्या काळ्या होतात. पण जी दरी वायव्येकडून आग्नेयेकडे जाते, ती उन्हाच्याच दिशेने पसरलेली असते. तिची सावलीच पडत नाही, ती चित्रातून गायब होते! म्हणजे नकाशात एका दिशेच्या रेघा जास्त आल्या, तर ते खडकाचं गुपित आहे की उन्हाचं, हे आधी तपासावं लागतं. आता उपाय आहे. २००० साली अंतराळयानावरच्या रडारने जमिनीची उंची मोजून ठेवली. त्या आकड्यांवर संगणकात हव्या त्या दिशेने खोटं ऊन पाडता येतं. जी रेघ सगळ्या दिशांच्या उजेडात टिकते, तिच्यावर विश्वास ठेवायचा.

दुसरा सापळा माणसाने घातलेला. मूर्तिजापूर ते अचलपूर शकुंतलेचे रूळ, कालवे, विजेच्या तारांखालची मोकळी पट्टी, शेतांचे बांध, सगळेच सरळ. म्हणून प्रत्येक रेघ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर ठेवून बघतात आणि माणसाच्या रेघा पुसतात. शिवाय दोन अभ्यासकांना एकच चित्र दिलं तर दोघे वेगळ्या रेघा ओढतात. दोघांच्या समान रेघा तेवढ्या पुढे जातात.

पुढे म्हणजे कुठे? रानात. लिनियामेंट हा संशय आहे, पुरावा जमिनीवरच मिळतो. गाविलगड रेघेचा पुरावा बघायचा तर मोर्शी तालुक्यातलं सालबर्डी गाठा, महाशिवरात्रीच्या यात्रेचं सालबर्डी. वऱ्हाडात जिकडे तिकडे काळा बसाल्ट, लाव्हारसाचे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे थर. त्यांच्याखाली काय आहे हे बघायला एरवी खोल छिद्र पाडावं लागेल. इथे मात्र खालचा वालुकाश्म आणि त्याहून जुने खडक उघड्यावर आले आहेत, लाव्हाच्या अगदी आधीच्या थरांत डायनासोरचं हाडही मिळालं आहे. दक्षिणेला काही किलोमीटरवर तेच खडक लाव्हाखाली गाडलेले. पूर्णेच्या मैदानात तर त्या लाव्हावरही गाळ साचलेला, काही ठिकाणी दोनशे मीटरहून जाड. रेघेच्या अलीकडे तळघर, पलीकडे तेच तळघर उन्हात!

या रेघांचा विहिरीसाठी उपयोग होतो, कारण भेगाळ खडक पाणी धरतो. पण इथे जपून. १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावर पेन्सिलची एक मिलिमीटर रेघ जमिनीवर अडीचशे मीटर रुंद होते. दोन एकरांचं चौरस शेत साधारण नव्वद मीटरांचं, म्हणजे अशी जवळजवळ तीन शेतं त्या रेघेखाली झाकली जातात. बोअर नेमकी कुठे, हे रेघ सांगत नाही. त्यासाठी शेतात विद्युतरोधकता मोजावी लागते. आणि चुरडलेल्या खडकाची चिकणमाती होऊन भेग बुजली असेल, तर बरोबर रेघेवरची बोअरही कोरडी जाते.

सगळ्यात मोठं नवल मात्र लांबीत आहे. रेघ ईशान्येला पुढे नेली की छिंदवाड्याकडे बसाल्टचं पांघरूण संपतं आणि उघडे पडतात चोपन्न कोटी वर्षांहूनही जुने खडक. त्याच सरळीत तिथले खडक प्रचंड दाबाखाली घासून, ताणून पट्टेदार झालेले आहेत. म्हणजे ही तूट लाव्हाच्या कितीतरी आधीची! लाव्हारस आला, थरावर थर चढले, जुनी जखम पुरती झाकली गेली. मग खालची तूट पुन्हा सरकली आणि तिने वरचे नवे थरही त्याच ओळीत तोडले. सालबर्डीत उभं राहून छिंदवाडा दिसत नाही, छिंदवाड्यातून नरनाळा दिसत नाही. जमिनीवर ते तीन वेगळे दगड आहेत. ते एकाच तुटीचे तुकडे आहेत, हा विचार सुचायला शेकडो किलोमीटर एका नजरेत यावे लागतात.