बुडाखालची चार अक्षरं

पुण्यातल्या एका कुटुंबाने त्यांची निळी-पांढरी फुलदाणी माझ्याकडे पारखायला दिली होती. पणजोबा मुंबईच्या एका पारशी पेढीत कारकून होते, कापसाच्या व्यापारासाठी पेढीबरोबर कँटनला गेले आणि तिथून ही घेऊन आले, असं घरात सांगतात. बुडाखाली खांगशी बादशहाचं नाव आहे म्हणजे वस्तू तीनशे वर्षांची, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मी ती नक्कल आहे असं सांगितल्यावर त्यांनी कारणं लिहून मागितली, आणि ते त्यांनी योग्यच केलं. नुसतं ‘नकली आहे’ म्हणून वस्तू परत करणं म्हणजे पारख नव्हे. मी लिहिलेलं उत्तर थोडंफार असं :

सप्रेम नमस्कार,

आधी त्या चार अक्षरांबद्दल. ‘खांगशी निएन ज्झ’, म्हणजे खांगशीच्या कारकिर्दीत केलेलं. तुमचा सगळा विश्वास याच अक्षरांवर आहे आणि माझी पहिली शंकाही तिथेच आली. खांगशी 1661 ते 1722 चीनच्या गादीवर होता. त्याच्या काळातली चिनी मातीची उत्तम भांडी चिंगदचन या गावात होत. 1677 मध्ये तिथल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर बादशहाचं नाव घालायला मनाई केली. भांडं फुटलं की त्याबरोबर बादशहाचं नावही उकिरड्यावर जाणार, हे बरं नव्हे, असं त्यामागचं कारण सांगतात. ही मनाई सगळ्यांनी कायम पाळली असं नाही, पण त्या काळच्या खासगी भट्ट्यांतल्या कितीतरी अस्सल भांड्यांच्या बुडाशी नुसती निळी दुहेरी वर्तुळं दिसतात आणि आत काहीच नसतं. काहींवर पान असतं, तर काहींवर चक्क दोनशे वर्षांपूर्वीच्या छंगह्वा बादशहाचं नाव. जुन्या कारागिरांना मान द्यायची ती रीत होती. तेव्हा चिनी भांड्यावरचं नाव ही तारीख मानायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा.

दुहेरी वर्तुळात चार अक्षरांत लिहिलेलं खांगशीचं नाव सगळ्यात जास्त दिसतं ते एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या मालावर. त्याचं कारण बाजारात होतं. 1860-70 च्या सुमारास लंडनमध्ये निळ्या-पांढऱ्या चिनी भांड्यांचं वेड शिगेला पोचलं होतं. व्हिसलर आणि रोझेट्टी हे चित्रकार ती हावरेपणाने गोळा करत. गिऱ्हाईक खांगशी मागू लागलं, चिंगदचनने खांगशी पुरवलं. तैपिंग बंडात त्या भट्ट्या उद्ध्वस्त झाल्या होत्या, त्या पुन्हा पेटल्या तेव्हा हा माल भरपूर निघाला. करणाऱ्यांनी तुमच्या पणजोबांना फसवलं, असं मी म्हणणार नाही. खांगशी पद्धतीची फुलदाणी म्हणून ती केली आणि तशीच विकली गेली असेल. ‘तीनशे वर्षं’ हा आकडा तिला पुढे घरात चिकटला असावा.

अर्थात नाव विश्वासाचं नाही एवढ्यावरून भांडं नवं ठरत नाही. म्हणून मी निळा रंग पाहिला. तुमच्या फुलदाणीवर तडकलेल्या बर्फाची निळी जमीन आहे आणि तिच्यावर प्लमची पांढरी फुलं. चिनी नववर्षाच्या सुमारास, थंडी सरताना फुलणारं हे झाड आणि त्याखाली फुटू लागलेला बर्फ, असं ते चित्र. चांगल्या खांगशी भांड्यावर ही निळी जमीन सपाट नसते. कोबाल्टचा पातळ हात, त्यावर थोडा दाट हात, मग बर्फाच्या भेगांच्या गडद रेषा. एकाच रंगाच्या चार-पाच छटा एकमेकींखालून दिसतात आणि जमिनीला खोली येते. भेगाही कुठे जाड, कुठे बारीक, कुंचला वळला तशा. तुमच्या फुलदाणीवर निळा एकसारखा फासलेला आहे आणि त्यात किंचित जांभळी झाक आहे. शुद्ध केलेला कोबाल्ट वापरात आल्यावर असा रंग नेहमी दिसू लागतो. भेगा जाळी आखावी तशा सारख्या अंतरावर पडल्या आहेत. फुलं मोजून पाहा : जवळजवळ सगळी एकाच मापाची, सगळी समोर तोंड करून. कळी नाही, पाठमोरं फूल नाही. हात सराईत आहे, पण चित्र पाठ करून काढलेलं आहे.

मग फुलदाणी उलटी केली. खरं बोलायचं तर मी वरच्या चित्रापेक्षा बुडाच्या कडेवर जास्त भरवसा ठेवतो, कारण गिऱ्हाईक तिथे बघत नाही आणि म्हणून कारागीरही तिथे नटत नाही. बुडाच्या कडेवर झिलई नसते, तिथे उघडी माती दिसते. खांगशीच्या चांगल्या कामात ती घट्ट, बारीक कणांची आणि नीट घासलेली असते. तुमच्या फुलदाणीची खडूसारखी भुसभुशीत दिसते आणि कड तासून तशीच सोडली आहे. बुडाच्या आतली झिलई दिव्याखाली तिरकी धरली तर संत्र्याच्या सालीसारखी खाचखळग्यांची दिसते. एवढी एकच खूण असती तर मी गप्प बसलो असतो. पण नाव, रंग, चित्र आणि माती चौघं एकच काळ सांगतात : साधारण 1880 ते 1910.

तुम्ही विचारलं होतं, टिचकी मारली तर खणखणीत वाजते, त्याचं काय? त्याचं काही नाही. कालची चांगली भाजलेली वाटीही तशीच वाजते. वजनावरून आणि झिलईतल्या चिरांवरूनही वय कळत नाही. आतून हात घातल्यावर पोटाशी आडवा जोड लागतो तो खरा आहे, कारण मोठी भांडी तुकड्यांत घडवून जोडत. पण तसं दोन्ही काळांत करत, म्हणून त्यानेही निकाल लागत नाही. प्रयोगशाळेत वय काढता येतं, पण त्यासाठी बुडाला छोटं भोक पाडून नमुना घ्यावा लागतो. तुमच्या बाबतीत मी ते सुचवणार नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. कडेवरची झीज प्रामाणिक आहे. भिंगाखाली ओरखडे बारीक आणि सगळ्या दिशांनी गेलेले दिसतात. जुनं भासवण्यासाठी पॉलिशपेपर फिरवला की ते एका दिशेने जातात आणि खाचांत काळपट रंग भरलेला सापडतो. तसं इथे काही नाही. शिवाय तुम्ही पाठवलेल्या 1930 च्या सुमाराच्या फोटोत आजींच्या मागे हीच फुलदाणी आहे, मानेजवळचा टवका सुद्धा जुळतो. तेव्हा पणजोबांनी ती आणली या गोष्टीला मी हरकत घेत नाही. ते 1890 नंतर गेले असतील तर सगळं नीट बसतं. नातवंडांना सांगताना बादशहाला तेवढं वगळा.

विम्याच्या कागदावर ‘चीन, एकोणिसाव्या शतकाचा शेवट, खांगशी पद्धतीची’ असं लिहा. किंमत अस्सल वस्तूच्या एका लहानशा अंशाइतकीच धरा. साबणाच्या पाण्यात बुडवू नका. दिवा करण्यासाठी बुडाला भोक पाडायचा विचार असेल तर तो सोडा. बाजारात अशा भोक पाडलेल्या फुलदाण्या पुष्कळ फिरतात आणि त्यांना निम्मीही किंमत येत नाही.

धाकट्या चिरंजीवांना ती न्यू जर्सीला न्यायची आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. तिथे मात्र नक्कल असल्याचा फायदा नाही. आपल्या 1972 च्या पुरावस्तू कायद्याला ती खांगशीची आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही, शंभर वर्षं झाली का, हे तो विचारतो. माझा अंदाज बरोबर असेल तर झाली आहेत, आणि अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तिकीट काढण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याच्या कार्यालयात ती दाखवा आणि तिथून लेखी घ्या. माझं हे पत्र विमानतळावर चालणार नाही.